‘इथे सेट नाही’ : बारा पत्त्यांच्या एका पटाची तपासणी

‘सेट’ या पत्त्यांच्या खेळाचा डाव चालू आहे. पटावर बारा पत्ते आहेत आणि दीड मिनिट उलटलं तरी कुणी काही बोललेलं नाही. मग एकाने घाईघाईने ‘सेट’ म्हणून तीन पत्ते दाखवले. ते चुकीचे निघाले, पत्ते जागेवर परत गेले आणि एक गुण वजा झाला. त्यानंतर दुसरा म्हणाला, ‘इथे सेट नाहीच, आणखी तीन पत्ते टाका.’ बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

त्या पटावर एक सेट होता, आणि नेमका एकच. तो का दिसला नाही, आधीचा दावा कुठे घसरला आणि ‘नाही’ म्हणण्याआधी पट कसा तपासायला हवा होता, हे आता पाहू. त्यासाठी पट जसाच्या तसा समोर ठेवावा लागेल.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. मार्शा फाल्को यांनी १९७४ मध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांमधल्या अपस्माराच्या आनुवंशिकतेवर काम करताना माहिती कार्डांवर चिन्हांनी मांडली, आणि त्या चिन्हांतून हा खेळ निघाला. पुढे १९९१ मध्ये तो बाजारात आला. प्रत्येक पत्त्याला चार गुणधर्म असतात. रंग लाल, हिरवा किंवा जांभळा. संख्या एक, दोन किंवा तीन. भरण भरीव, पट्टेरी किंवा पोकळ. आकार लंबगोल, नागमोडी किंवा चौकट. चार गुणधर्मांचे तीन-तीन प्रकार, म्हणजे ३ × ३ × ३ × ३ = ८१ पत्ते, आणि प्रत्येक पत्ता एकदाच. तीन पत्त्यांचा सेट व्हायचा तर चारही गुणधर्म एकेक करून पाहायचे: प्रत्येक गुणधर्म तिन्ही पत्त्यांवर एकसारखा हवा, नाहीतर तिन्हींवर वेगवेगळा. एखाद्या गुणधर्मात दोन पत्ते सारखे आणि तिसरा निराळा, म्हणजे ‘दोनाला एक’ झालं, की तिकडी बाद. खेळातल्या सगळ्या चुका या ‘दोनाला एक’पाशीच येऊन थांबतात.

पट असा होता:

१. लाल, दोन, भरीव, चौकट
२. जांभळा, एक, पोकळ, लंबगोल
३. हिरवा, दोन, भरीव, लंबगोल
४. लाल, तीन, पोकळ, चौकट
५. हिरवा, दोन, पोकळ, चौकट
६. लाल, दोन, पोकळ, नागमोडी
७. लाल, एक, भरीव, लंबगोल
८. हिरवा, तीन, पट्टेरी, लंबगोल
९. लाल, दोन, पट्टेरी, चौकट
१०. हिरवा, एक, पट्टेरी, चौकट
११. जांभळा, तीन, पट्टेरी, नागमोडी
१२. लाल, तीन, पोकळ, लंबगोल

पुढे वाचण्याआधी हवं तर स्वतः शोधून पाहा.

चुकीचा दावा

दाखवलेले पत्ते होते १, ९ आणि ५. तिन्हींवर दोन-दोन चौकटी. भरण पाहिलं तर एक भरीव, एक पट्टेरी, एक पोकळ. संख्या जुळली, आकार जुळला, भरण तिन्ही वेगळं. रंगात मात्र लाल, लाल, हिरवा. दोनाला एक.

असं का होतं, हे समजण्यासारखं आहे. तिन्ही पत्त्यांवर दोन चौकटी दिसल्या की नजर त्यांना एका कुटुंबातले मानून मोकळी होते. भरीव-पट्टेरी-पोकळ अशी चढती रांगही लागली, मग उरलेला रंग तपासायची गरजच वाटत नाही. गंमत म्हणजे रंग हा पटावर सगळ्यांत ठळक दिसणारा गुणधर्म. तो दिसला नाही असं नाही, तो विचारलाच गेला नाही.

यावर उपाय म्हणजे तीन पत्त्यांकडे एकदम न पाहणं. आधी दोनच पत्ते घ्यावेत आणि त्यांना कोणता तिसरा लागेल ते मनात पूर्ण नाव घेऊन ठरवावं. कोणत्याही दोन पत्त्यांना जुळणारा तिसरा पत्ता एक आणि एकच असतो, कारण प्रत्येक गुणधर्मात दोघे सारखे असतील तर तिसराही तसाच हवा आणि दोघे वेगळे असतील तर उरलेला प्रकार हवा. इथे १ आणि ९ घेतले की रंग लाल, संख्या दोन, भरण पोकळ, आकार चौकट. म्हणजे ‘लाल, दोन, पोकळ, चौकट’. आता हाच पत्ता पटावर आहे का, एवढा एकच प्रश्न. पाच नंबरचा पत्ता हिरवा आहे, म्हणजे तो नव्हे. नाव आधी आणि शोध नंतर हा क्रम उलटला की ‘जवळपास तसाच’ पत्ता डोळा खपवून घेतो.

नाव घेण्याचा क्रमही एकदा ठरवून टाकलेला बरा. या लेखात तो रंग, संख्या, भरण, आकार असा आहे. दुसरा चालेल, पण दर वेळी तोच हवा. क्रम बदलत राहिला की चारपैकी एक गुणधर्म गळतो आणि तो गळल्याचं कळतही नाही.

६६ जोड्यांचं ओझं

बारा पत्त्यांतून तीन निवडायच्या २२० तऱ्हा होतात. त्या एकेक तपासणं कुणी करत नाही. जोड्यांनी गेलं तर ६६ जोड्या, प्रत्येकीला एक हवा असलेला पत्ता. हेही जास्तच. ‘सेट नाही’ असं म्हणणारे बहुधा यांतल्या वीस-पंचवीस जोड्या पाहून, त्यातल्या काही दोन-दोनदा पाहून, थकून तसं म्हणतात. पट नीट वाटून घेतला तर याच पटाची पूर्ण तपासणी बारा प्रश्नांत होते.

वाटणी कुठल्याही एका गुणधर्मावर करता येते. रंग घेतला तर पटाचे तीन गट पडतात: लाल, हिरवा, जांभळा. सेटमध्ये रंग एकतर तिन्ही सारखे असतात किंवा तिन्ही वेगळे. म्हणून कोणताही सेट एकतर पूर्णपणे एका गटात असतो, नाहीतर त्यात प्रत्येक गटातला एकेक पत्ता असतो. दोन लाल आणि एक हिरवा असा सेट संभवतच नाही. म्हणजे लाल-हिरव्या जोडीला तिसरा पत्ता लाल गटात किंवा हिरव्या गटात शोधायचाच नाही. एवढ्यानेच बरंच काम कमी होतं.

कोणता गुणधर्म घ्यावा? ज्यात गट सगळ्यांत असमान पडतात तो. या पटावर रंगाने ६, ४, २ असे गट पडतात (लाल १, ४, ६, ७, ९, १२, हिरवे ३, ५, ८, १०, जांभळे २, ११). संख्येने ३, ५, ४. भरणानेही ३, ४, ५ अशीच जवळपास समान वाटणी. आकाराने ५, २, ५. तिन्ही गटांतून एकेक पत्ता घ्यायचा तर सर्वांत लहान दोन गटांतल्या जोड्या करायच्या आणि तिसरा मोठ्या गटात शोधायचा. रंगात या जोड्या २ × ४ = ८, आकारात २ × ५ = १०, संख्येत आणि भरणात ३ × ४ = १२. रंग सरस ठरतो. एखादा प्रकार पटावर मुळीच नसेल, समजा एकही जांभळा पत्ता नसेल, तर आडव्या, म्हणजे वेगवेगळ्या गटांतल्या पत्त्यांच्या, जोड्यांचं काम शून्य होतं आणि फक्त गटांच्या आत पाहावं लागतं. असा पट मिळाला तर त्याचा फायदा न घेणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

गटांच्या आत

लाल गटात सहा पत्ते आहेत. तिथे पुन्हा तीच युक्ती, आता संख्येवर. एकचा पत्ता फक्त ७. दोनचे १, ६, ९. तीनचे ४ आणि १२.

दोनच्या गटात तीन पत्ते, म्हणजे एकच तिकडी. त्यांचे आकार चौकट, नागमोडी, चौकट. बाद. मग प्रत्येक संख्येचा एकेक: ७ ला ४ बरोबर घेतलं तर लागतो लाल, दोन, पट्टेरी, नागमोडी. लाल दोनचा पट्टेरी फक्त ९, आणि तो चौकट आहे. ७ ला १२ बरोबर घेतलं तर लागतो लाल, दोन, पट्टेरी, लंबगोल. पुन्हा तोच ९ आडवा येतो, पुन्हा आकार जुळत नाही. सहा लाल पत्ते तीन प्रश्नांत संपले.

हिरव्या गटात एक संख्येचा १०, दोनचे ३ आणि ५, तीनचा ८. एका संख्येचे तीन हिरवे नाहीत, म्हणून फक्त १० आणि ८ ची जोडी पाहायची. हवा हिरवा, दोन, पट्टेरी, नागमोडी. तो नाही. जांभळे दोनच, त्यांचा आपसात सेट होणार नाही.

आतापर्यंत चार प्रश्न झाले आणि एकरंगी सेट नाही हे पक्कं झालं.

आडव्या आठ जोड्या

आता जांभळा आणि हिरवा अशा आठ जोड्या. प्रत्येकीला तिसरा लालच लागणार, त्यामुळे रंगाचा विचार संपला. उरलेल्या तीन गुणधर्मांचं नाव घ्यायचं.

आधी पत्ता २, म्हणजे जांभळा, एक, पोकळ, लंबगोल.

२ आणि ३: लाल, तीन, पट्टेरी, लंबगोल हवा. तीन, पट्टेरी, लंबगोल पटावर आहे, पण तो ८ आणि हिरवा. हा सापळा चांगलाच जहाल आहे. २, ३, ८ एकत्र पाहिले तर तिन्ही लंबगोल, संख्या एक-दोन-तीन, भरण तिन्ही वेगळं. रंग जांभळा, हिरवा, हिरवा. दोनाला एक.

२ आणि ८: लाल, दोन, भरीव, लंबगोल. तोच सापळा दुसऱ्या बाजूने. ३ तसा आहे, पण हिरवा.

२ आणि ५: लाल, तीन, पोकळ, नागमोडी. लाल तीन पोकळ पटावर एक नव्हे तर दोन आहेत, ४ आणि १२. एक चौकट, एक लंबगोल. नागमोडी तेवढा नाही.

२ आणि १०: लाल, एक, भरीव, नागमोडी. ७ नंबरचा पत्ता आकार सोडून सगळ्यात जुळतो.

आता पत्ता ११, म्हणजे जांभळा, तीन, पट्टेरी, नागमोडी.

११ आणि ३: लाल, एक, पोकळ, चौकट. लाल एकचा फक्त ७, आणि तो भरीव लंबगोल.

११ आणि ८: लाल, तीन, पट्टेरी, चौकट. ४ पोकळ आहे. नाही.

११ आणि १०: लाल, दोन, पट्टेरी, लंबगोल. ९ चौकट आहे. नाही.

११ आणि ५: लाल, एक, भरीव, लंबगोल. हा ७. आहे.

सेट ५, ७, ११. हिरवा, लाल, जांभळा. दोन, एक, तीन. पोकळ, भरीव, पट्टेरी. चौकट, लंबगोल, नागमोडी. चारही गुणधर्म तिन्हींवर वेगळे.

लक्षात घ्या, आठपैकी सात जोड्यांत हवा असलेल्या पत्त्याच्या अगदी जवळचा, फक्त एका गुणधर्माने हुकलेला पत्ता पटावर होता. खरा सेट मात्र कुठल्याच बाजूने ‘जवळचा’ दिसत नव्हता. दीड मिनिट शांतता का होती, हे यातूनच कळतं.

चारही वेगळे का निसटतात

एकूण शक्य सेट १०८० आहेत. हे मोजणं सोपं आहे: ८१ पैकी कोणताही एक पत्ता, मग उरलेल्या ८० पैकी कोणताही दुसरा, तिसरा आपोआप ठरतो, आणि प्रत्येक सेट सहा वेळा मोजला जातो, म्हणून सहाने भागायचं. यांतले फक्त १०८ सेट असे की तीन गुणधर्म सारखे आणि एकच वेगळा. ३२४ मध्ये दोन सारखे, दोन वेगळे. ४३२ मध्ये एक सारखा, तीन वेगळे. आणि २१६ मध्ये सगळेच वेगळे.

नवखा खेळाडू सारखेपणा शोधतो. ‘तिन्ही लाल, तिन्ही भरीव’ अशा पत्त्यांकडे त्याची नजर आधी जाते. पण सारखेपणा सर्वाधिक असलेला प्रकार एकूण सेटांच्या जेमतेम दहावा हिस्सा आहे, आणि सगळं वेगळं असलेला प्रकार पाचवा हिस्सा. डोळा ज्यावर पोसला जातो तेच पटावर कमी असतं. सेट सापडतात, पण ठरावीक प्रकारचेच सापडतात, आणि उरलेल्या पटाकडे पाहून ‘काही नाही’ असं वाटू लागतं.

त्यामुळे पट बघून थकवा आला की शोध उलटा करावा: गर्दीतला नव्हे, एकटा पडलेला पत्ता धरावा. या पटावर नागमोडी फक्त ६ आणि ११, आणि जांभळे फक्त २ आणि ११. ११ दोन्हीकडे एकटा पडतो. तोच धरून चार हिरव्यांशी जोडून पाहिला असता तर जास्तीत जास्त चार प्रश्नांत सेट हाती आला असता. हे पूर्ण तपासणीला पर्याय नाही. पण चटकन शोधताना मी कुणालाही आधी हेच करायला सांगेन.

आता ‘नाही’ खरंच नाही

५, ७, ११ उचलले आणि त्यांच्या जागी नवे तीन पत्ते आले:

५. जांभळा, तीन, भरीव, चौकट
७. जांभळा, दोन, पोकळ, चौकट
११. हिरवा, एक, भरीव, नागमोडी

पुन्हा सगळा पट तपासायचा का? नाही. आधीच्या पटावर एकच सेट होता आणि तो गेला, म्हणजे उरलेल्या नऊ पत्त्यांत सेट नाही हे आपल्याला माहीत आहे. नवा सेट असेल तर त्यात किमान एक नवा पत्ता असणारच. पूर्ण तपासणी एकदा केली की तिचं फळ पुढच्या फेरीतही मिळतं, ते असं.

आता लाल पाच (१, ४, ६, ९, १२), हिरवे चार (३, ८, १०, ११), जांभळे तीन (२, ५, ७). लाल गटात नवं कुणी नाही, तो सोडून द्या. जांभळ्यांची एकच तिकडी २, ५, ७: संख्या एक, तीन, दोन, पण भरण पोकळ, भरीव, पोकळ. बाद. हिरव्यात नव्या ११ ला तिघांशी जोडायचं. ३ बरोबर हिरवा, तीन, भरीव, चौकट हवा. तसाच पत्ता ५ वर पडून आहे, फक्त जांभळा. ८ बरोबर हिरवा, दोन, पोकळ, चौकट हवा, तो आत्ताच सेटमध्ये गेला. १० बरोबर हिरवा, एक, पोकळ, लंबगोल हवा, आणि तसाच जांभळा पत्ता २ वर आहे. तिन्ही ठिकाणी नाही.

आडव्या जोड्यांत ५ आणि ७ प्रत्येकी चार हिरव्यांशी, शिवाय जुना २ नव्या ११ शी, अशा नऊ. तिसरा लाल लागणार. इथे एक आयता फायदा आहे. लाल ७ गेल्यामुळे लालमध्ये एकचा पत्ता उरलेला नाही. त्यामुळे ज्या जोडीला ‘लाल, एक’ लागतो ती पुढे न पाहता सोडायची. ५-३, ७-८ आणि २-११ या तीन जोड्या अशा गळतात. उरलेल्या सहांना लागतात:

५-८ ला लाल, तीन, पोकळ, नागमोडी
५-१० ला लाल, दोन, पोकळ, चौकट
५-११ ला लाल, दोन, भरीव, लंबगोल
७-३ ला लाल, दोन, पट्टेरी, नागमोडी
७-१० ला लाल, तीन, भरीव, चौकट
७-११ ला लाल, तीन, पट्टेरी, लंबगोल

पटावरच्या पाच लाल पत्त्यांत यातला एकही नाही. तेरा प्रश्न, सगळ्यांचं उत्तर नाही. आता ‘तीन पत्ते टाका’ म्हणणं बरोबर.

असं किती वेळा होतं? गड्डीतून कोणतेही बारा पत्ते काढले तर त्यात सरासरी पावणेतीनच्या आसपास सेट असतात, आणि एकही नसण्याची शक्यता साधारण ३ टक्के. प्रत्यक्ष डाव पुढे सरकतो तसं हे प्रमाण वाढतं, कारण प्रत्येक वेळी पटावरून सेटच उचलले जातात आणि न जुळणारे पत्ते साचत जातात. वर जे नऊ पत्ते उरले तो असाच गाळ. पंधरा पत्त्यांतही सेट नसणं दुर्मीळ, अडीच हजारांत एखाद वेळ. पण ते अशक्य नाही. सेट नसलेले जास्तीत जास्त वीस पत्ते मांडता येतात आणि एकविसावा आला की सेट होतोच. हे इटालियन गणिती जुझेप्पे पेल्लेग्रिनो यांनी १९७१ मध्ये, म्हणजे खेळ जन्मण्याआधीच, भूमितीचा प्रश्न म्हणून सिद्ध केलं होतं.

या तपासणीतून आणखी एक कामाची गोष्ट हाती लागते. वरच्या यादीतला ‘लाल, दोन, पोकळ, चौकट’ पाहा. तो ५-१० ला हवा आहे, आणि अगदी सुरुवातीला १-९ लाही तोच हवा होता. पुढच्या तिघांत तो आला तर दोन सेट एकदम तयार होतात, मात्र दोन्हींत तोच पत्ता असल्याने घेता एकच येतो. ‘लाल, तीन, पोकळ, नागमोडी’चंही तसंच: ५-८ ला हवा आणि ४-१२ लाही. सराईत खेळाडू नवे पत्ते उलटण्याआधी असे दोन-तीन पत्ते मनात धरून बसतो. नवीन पत्ता पडताक्षणी जो ‘सेट’ म्हणतो त्याचे डोळे फार वेगवान असतात असं नाही, त्याने काम आधीच केलेलं असतं.

पंधरा पत्ते झाल्यावर सेट उचलला तर जागा भरायच्या नाहीत, पट पुन्हा बारावर येऊ द्यायचा. हे विसरून पट पंधराचाच ठेवला तर पुढचा सगळा डाव विनाकारण सोपा होतो.

चूक पकडली गेली नसती तर

समजा १, ९, ५ चा खोटा दावा कुणाच्या लक्षात आला नसता आणि तो खेळाडू पत्ते घेऊन गेला असता. डाव संपल्यावर ही चूक सापडते का? सापडते, आणि ती कोणत्या गुणधर्मात झाली हेही कळतं.

गड्डीत प्रत्येक रंगाचे २७ पत्ते असतात. खरा सेट उचलला की एकतर एकाच रंगाचे तीन जातात, नाहीतर प्रत्येक रंगाचा एकेक. पहिल्या प्रकारात तीनने भागल्यावरची बाकी बदलत नाही. दुसऱ्यात तिन्ही रंगांची बाकी एकदमच बदलते. म्हणून डाव बिनचूक झाला असेल तर शेवटी पटावर उरलेल्या लाल, हिरव्या आणि जांभळ्या पत्त्यांना तीनने भागल्यावर एकच बाकी येते. नऊ पत्ते उरले आणि ते चार, एक, चार असे असतील तर ठीक: सगळीकडे बाकी एक.

खोट्या दाव्यात दोन लाल आणि एक हिरवा गेला. उरले लाल २५, हिरवे २६, जांभळे २७. बाकी एक, दोन, शून्य. यानंतर कितीही खरे सेट उचलले तरी या तीन बाक्या कधीच सारख्या होणार नाहीत. शेवटी नऊ पत्ते उरले आणि ते लाल चार, हिरवे दोन, जांभळे तीन असे असतील, तर कुठेतरी रंगाची चूक झाली हे नक्की. त्याच नऊ पत्त्यांचं संख्येने, भरणाने आणि आकाराने वर्गीकरण केलं की तिथे बाक्या जुळतील, कारण त्या तीन गुणधर्मांत दावा बरोबरच होता. मर्यादा एवढीच की दोन चुका एकमेकींना पुसून टाकू शकतात. बाक्या जुळल्या म्हणजे डाव निर्दोष होता असं छातीठोक म्हणता येत नाही. न जुळल्या तर मात्र चूक झालीच.

याच हिशेबाने शेवटी बरोबर तीन पत्ते उरले तर ते सेट असायलाच हवेत. नसतील तर आधीचा एखादा सेट खोटा होता. म्हणून बिनचूक डावात शेवटी न जुळणारे पत्ते उरलेच तर ते किमान सहा असतात.

आणि उरलेले पत्ते मुळात तीनच्या पटीत नसतील, समजा आठ असतील, तर दोष खेळाडूंचा नाही, गड्डीतला एक पत्ता हरवला आहे. तो कोणता हेही कळतं. रंगाने मोजल्यावर लाल तीन, हिरवे तीन, जांभळे दोन निघाले, तर हरवलेला जांभळा. तसंच संख्येने, भरणाने, आकाराने पाहायचं, प्रत्येक वेळी ज्याची बाकी इतर दोघांपेक्षा निराळी येते तो प्रकार घ्यायचा. चार मोजण्यांत पत्त्याचं पूर्ण नाव मिळतं, मग पेटीच्या तळाशी नेमकं काय शोधायचं ते ठाऊक असतं.